बदललेल्या बॅटरीचा पुरावा

दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधून मूळ भाग काढून हलका भाग बसवला गेला, तर बाहेरून काहीच दिसत नाही. पण अशी अदलाबदल लॅपटॉपच्या नोंदींमध्ये अनेकदा उमटते, आणि बॅटरीच्या बाबतीत ती सर्वांत स्पष्ट दिसते.

समजा, कीबोर्डवर चहा सांडला म्हणून लॅपटॉप दुकानात दिला. पावतीवर फक्त कीबोर्ड बदलल्याचा उल्लेख आहे. परत आल्यावर मात्र पाच तास चालणारी बॅटरी तीन तासांतच संपू लागली. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील आज्ञा दिली की बॅटरीचा अहवाल तयार होतो:

```
powercfg /batteryreport
```

त्यात बॅटरीचे नाव, उत्पादक, बहुधा अनुक्रमांक आणि `DESIGN CAPACITY`, म्हणजे कारखान्यातून निघतानाची क्षमता असते. खाली `Battery capacity history` या तक्त्यात जुन्या तारखांच्या नोंदी असतात. वापराने बॅटरीची पूर्ण चार्ज क्षमता घटते, पण मूळ क्षमतेचा आकडा सहसा तोच राहतो. दुरुस्तीपूर्वी तो 56,000 mWh आणि नंतर 41,000 mWh दिसला, तर बॅटरी जुनी झाली हे उत्तर पुरेसे ठरत नाही. बॅटरीच बदलल्याची ती ठळक खूण आहे. विंडोज नव्याने टाकले असेल, तर मात्र हा इतिहास पुसला जातो.

या पुराव्याला एक मर्यादा आहे. हे आकडे बॅटरीतील चिप सांगते आणि नकली बॅटरीची चिप खोटेही सांगू शकते. म्हणून लेबलशी ताळा घ्यावा लागतो. लेबलवरील व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास: 11.4 गुणिले 3.6 म्हणजे सुमारे 41. झाकण स्वतः उघडल्यास भाग ग्राहकानेच बदलला असा बचाव दुकानदाराला मिळतो. ते कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात उघडून, बसवलेल्या बॅटरीचा तपशील लेखी घेणे अधिक भक्कम ठरते.

पर्यायी कंपनीची बॅटरी बसवणे हा मुळात दोष नाही. ग्राहकाला न सांगता बसवणे हा दोष आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार अशी वागणूक सेवेतील त्रुटी ठरू शकते. राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तडजोडीचा प्रयत्न करता येतो.

तक्रारीला पावती, बॅटरी अहवाल, लेबलचे छायाचित्र आणि सेवा केंद्राचे पत्र जोडावे. सोबत लॅपटॉप देण्या-घेण्याच्या तारखा आणि दोन्ही क्षमता एका छोट्या तक्त्यात मांडाव्यात. अहवाल इलेक्ट्रॉनिक नोंद असल्याने भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडल्यास त्याच्या ग्राह्यतेवरचा आक्षेप टळतो.