रात्रीची फेरी आणि दिवसाची मागणी

रात्री माणसे झोपलेली असताना संगणकाने ठरल्या वेळी उठून काम उरकावे, ही सोय निदान १९७९ पासून आहे. त्या वर्षी आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत `cron` नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. दर मिनिटाला जागे व्हायचे, वेळापत्रक पाहायचे, या मिनिटाला काही नेमून दिले असेल तर ते करायचे आणि पुन्हा थांबायचे, एवढेच त्याचे काम. आज ज्या प्रणाली संकेतस्थळे, अहवाल आणि किंमतपत्रके रात्रीतून ताजी करतात, त्यांपैकी कितीतरींमध्ये वेळ लिहिण्याची रीत अजून हीच पाच खणांची आहे: मिनिट, तास, तारीख, महिना, वार.

या रीतीत एक उणीव मात्र पहिल्यापासून आहे. वेळापत्रकाला घड्याळ कळते, गरज कळत नाही. सकाळी अकराला किंमत बदलली, तर ती दिसायला रात्र व्हावी लागते. नाहीतर प्रोग्रॅमरला फोन करून ‘जरा चालवून द्या’ म्हणावे लागते. यावरचा उपाय दिसायला अगदी साधा आहे. विक्री विभागातल्या, गोदामातल्या माणसाच्या हाती एक फॉर्म द्यायचा. तो पाठवला की रात्रीचे काम दिवसा चालते. पण एकच काम दोन बाजूंनी सुरू होऊ लागले की काय काय घडते, ते बारकाईने पाहण्याजोगे आहे.

उदाहरण म्हणून एक प्रकाशनसंस्था घेऊ. पुस्तकांची नावे, किमती आणि शिल्लक प्रती एका गूगल शीटमध्ये आहेत. गिटहब ॲक्शन्स ही सेवा ती शीट वाचते, संकेतस्थळाची पाने नव्याने बांधते आणि चढवते. यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग असा:

```yaml
on:
  schedule:
    - cron: '37 20 * * *'
  workflow_dispatch:
concurrency:
  group: catalogue
  cancel-in-progress: false
```

`schedule` ही घड्याळाची बाजू आणि `workflow_dispatch` ही माणसाच्या मागणीची. दोन्ही एकाच फाइलमध्ये असल्यामुळे दोघांच्या हुकमाने चालणारे काम तंतोतंत एकच राहते. दिवसाच्या कामासाठी वेगळी, ‘हलकी’ फाइल करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. काही महिन्यांत दोन फाइली एकमेकींपासून फटकून वागू लागतात, आणि दिवसा बरोबर दिसलेली किंमत रात्री पुन्हा चुकते.

वेळ वेगळी न सांगितल्यास ही सेवा जागतिक प्रमाणवेळ धरते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून २० वाजून ३७ मिनिटे म्हणजे आपल्याकडे रात्रीचे २ वाजून ७ मिनिटे. वाराच्या खणात गफलत होते ती इथेच. आपल्या सोमवारच्या पहाटे दोनला तिथे अजून रविवार असतो. ‘सोमवार ते शनिवार’ असे लिहिले, तर आपली सोमवारची फेरी गळते आणि रविवारी विनाकारण एक होते. मिनिट सदतीस ठेवण्यालाही कारण आहे. तासाच्या ठोक्याला जगभरातली कामे एकदम उभी राहतात, त्या गर्दीत फेरी उशिरा निघते. कधी गाळलीही जाते.

आता फॉर्म. गिटहबवर `Run workflow` असे बटण असते, पण ते दाबायला तिथे खाते आणि कोड बदलण्याइतका अधिकार लागतो. विक्री विभागातल्या माणसाला तेवढा अधिकार देणे म्हणजे खिडकी उघडता यावी म्हणून अख्ख्या घराच्या किल्ल्या देणे. म्हणून मध्ये गूगल फॉर्म बसवतात. तो संस्थेच्या खात्यांपुरताच खुला ठेवतात आणि पाठवणाऱ्याचा ईमेल आपोआप नोंदवतात. प्रश्न एकच: कशासाठी ताजे करायचे? फॉर्म आला की त्याला जोडलेली छोटी स्क्रिप्ट गिटहबला विनंती पाठवते. त्यासाठी लागणारे टोकन फक्त त्या एका रिपॉझिटरीचे आणि फक्त कामे सुरू करण्यापुरते असते. ते स्क्रिप्टच्या मालकापाशीच राहते. फॉर्म भरणाऱ्याला दिसतसुद्धा नाही.

एरवी या विनंतीला उत्तर येते `204`. त्याचा अर्थ ‘निरोप पोहोचला’ एवढाच. काम झाले असा नाही. हे उत्तर येताच ‘संकेतस्थळ ताजे झाले’ असा ईमेल पाठवणारी स्क्रिप्ट लोकांना फसवते. पहिला ईमेल ‘मागणी मिळाली’ असा जावा आणि दुसरा, काम संपल्यावर, त्या कामाच्याच शेवटच्या पायरीतून. टोकनची मुदत संपली की उत्तर `401` येते. तेव्हा फॉर्म आनंदाने ‘धन्यवाद’ म्हणत राहतो आणि घडत काहीच नाही. स्क्रिप्टने उत्तराचा आकडा तपासून कोणाला तरी कळवले नाही, तर हे कित्येक दिवस ध्यानात येत नाही.

खरी गंमत गर्दीत आहे. ११:४० ला विक्री विभाग एका पुस्तकाची किंमत ३५० वरून ४०० करतो आणि फॉर्म पाठवतो. काम सुरू होते, शीट वाचून होते, पाने बांधली जाऊ लागतात. ११:४१ ला गोदाम शिल्लक प्रती बदलून फॉर्म पाठवते. चालू कामाने शीट आधीच वाचलेली असल्यामुळे हा बदल त्यात येणार नाही. `concurrency` मुळे दुसरे काम रांगेत थांबते. ११:४२ ला संपादक एका नावातले शुद्धलेखन सुधारून तिसरा फॉर्म पाठवतात. मुळातला नियम असा, की एका गटात एक काम चालू आणि एकच थांबलेले. म्हणून तिसरे काम रांगेत येताच दुसरे रद्द होते.

ऐकायला हे अन्यायाचे वाटते, पण गोदामाचा बदल हरवत नाही. तिसरे काम सुरू होईल तेव्हा शीट पहिल्यापासून वाचेल आणि त्यात दोघांचेही बदल असतील. दहा जणांनी दहा फॉर्म पाठवले, तरी काम बहुधा दोन-तीनदाच होते आणि शेवटचा बदलही सुटत नाही. `cancel-in-progress` ला `true` केले असते, तर प्रत्येक नव्या फॉर्मने चालू काम मोडले असते, आणि गजबजलेल्या सकाळी एकही फेरी पूर्ण झाली नसती. गोदामाला मात्र ‘रद्द’ असा कोरडा ईमेल जाऊ नये. ‘तुमचा बदल पुढच्या फेरीत धरला आहे’ असे कळावे.

हे सारे एका अटीवर उभे आहे: प्रत्येक फेरीने सगळेच ताजे करायचे. फॉर्ममध्ये ‘फक्त किमती’, ‘फक्त शिल्लक’ असे पर्याय देण्याची कल्पना शहाणपणाची वाटते, आणि नेमकी तीच हा हिशेब मोडते. रांगेतले ‘फक्त शिल्लक’ रद्द होऊन त्या जागी ‘फक्त किमती’ आले, तर गोदामाचा बदल रात्रीपर्यंत खरोखरच अडकतो. पूर्ण फेरी दोन-चार मिनिटांची असेल, तर पर्याय न दिलेलेच बरे. ती तासभर चालणारी असेल, तर मात्र फॉर्मच्या आधी कामाचीच फोड करावी लागते.

दिवसा चालणाऱ्या कामाला आणखी एक धोका असतो: शीट त्या क्षणी कोणीतरी संपादत असते. क्रम लावताना रांगा विसकटलेल्या असतात, किंवा कापलेला मजकूर अजून चिकटवायचा असतो. म्हणून पाने चढवण्याआधी तपासणी हवी. पुस्तकांची संख्या शून्य असेल, मागच्या फेरीपेक्षा एकदम खूप घटली असेल, किंवा किमतीच्या खणात अक्षरे आली असतील, तर काम तिथेच थांबावे आणि जुनी पाने जशीच्या तशी राहावीत. ‘शेवटचे अद्ययावत’ म्हणून पानावर जी वेळ छापायची, ती शीट वाचल्याची. पान चढवल्याची नव्हे. ११:४१ चा बदल ११:४३ ला चढलेल्या पानात का नाही, याचे उत्तर त्या वेळेवरूनच मिळते.

रिपॉझिटरी सार्वजनिक असेल, तर आणखी एक अडचण दबा धरून असते. ६० दिवस तिच्यात काही हालचाल झाली नाही, की गिटहब वेळापत्रकावरचे काम आपण होऊन बंद करते. बदल सगळे शीटमध्ये होत असतात, कोडला कोणी हात लावत नाही. तेव्हा हे सहज घडते. बंद पडलेले काम फॉर्मनेही सुरू होत नाही. विनंती नाकारली जाते, आणि स्क्रिप्ट उत्तर तपासत असेल, तर रात्रीची फेरी थांबल्याची पहिली बातमी दिवसा फॉर्म भरणाऱ्याकडूनच कळते.