दुरुस्तीला कोण येणार?

घरी ब्लाउज शिवून देणाऱ्या बाईसमोर नवं मशीन घेताना तीन वाटा असतात. पहिली जुनी ओळखीची, काळ्या लोखंडी डोक्याच्या मशीनची. दुसरी प्लास्टिकच्या पांढऱ्या कवचातल्या, झिगझॅग आणि काज करणाऱ्या ऑटोमॅटिक मशीनची, आणि तिसरी कारखान्यातल्या 'जुकी'ची. 'जुकी' हे एका जपानी कंपनीचं नाव, पण बाजारात चिनी 'जॅक'लाही लोक सर्रास जुकीच म्हणतात. दुकानदार आधी वेग सांगतो. माझ्या मते वेगाचा विचार शेवटी करावा.

हिशोब करून पाहू. अस्तराच्या एका ब्लाउजला सगळी मिळून पंधरा मीटर शिलाई लागते असं धरा. अडीच मिलिमीटरचा टाका म्हणजे मीटरला ४०० टाके, एकूण ६,०००. मोटर लावलेल्या काळ्या मशीनवर मिनिटाला ८०० टाके पडले तर साडेसात मिनिटं लागतील. जुकीवर ४,००० पडले तर दीड मिनिट. ब्लाउजमागे सहा मिनिटं वाचली, दिवसाला चार ब्लाउज असतील तर चोवीस. तीही कागदावरच, कारण मुंढ्याच्या किंवा गळ्याच्या वळणावर कोणी ४,००० च्या वेगानं चालवत नाही. बाकी वेळ कटिंग, टाचण, हूक आणि हातशिलाईत जातो, तिथे मशीनचा संबंध नाही. शाळेचे गणवेश, परकर, पडदे अशा लांब सरळ शिलाईत मात्र हाच वेग खरोखर पैसे मिळवून देतो.

काळ्या मशीनची खरी ताकद त्याच्या सुट्या भागांत आहे. मूळ घडण सिंगरची. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 'उषा' आणलं, मग लुधियानात असंख्य कारखाने उभे राहिले. एकाच घडणीमुळे शटल, बॉबिन केस, दाते असे पुष्कळ भाग एका कंपनीचे दुसरीला बसतात. तालुक्याच्या बाजारातला मिस्त्री त्याच दिवशी मशीन चालू करून देतो. वीज गेली तरी पायडल आहेच.

ऑटोमॅटिक मशीन घरच्या कामासाठी चांगलं, काज आणि झिगझॅगसाठी हवंच. पण रोज सहा-सात तास तेवढंच एक मशीन चालवायचं असेल तर मी ते सुचवणार नाही. आतले काही गिअर प्लास्टिकचे असतात, आणि अनेक घरगुती मशीनच्या वॉरंटी कार्डावर धंद्याचा वापर वगळलेला असतो. पैसे देण्याआधी ती बारीक अक्षरं वाचा.

जुकी घेताना मोटर नीट पाहा. क्लच मोटर स्वस्त, पण बटण चालू असेपर्यंत शिवत नसतानाही गुणगुणत फिरत राहते. सर्वो मोटर शिवताना फिरते, वीज वाचते, आवाज कमी होतो. मात्र सर्वोला कंट्रोल बॉक्स असतो. विजेचा दाब वरखाली झाला की त्यातला बोर्ड जळू शकतो. हूक किंवा सुईची जुळणी बाजारातला मिस्त्री करेल, बोर्ड मात्र बहुतेक वेळा डीलरकडूनच आणावा लागतो. म्हणून डीलरला थेट विचारा: हा बोर्ड दुकानात आहे का? मेकॅनिक घरी येतो, की डोकं उचलून आणायचं? लग्नसराईत किती दिवस लागतील? कंपनीच्या सेवा क्रमांकावर खरेदीआधीच फोन करून आपल्या गावाचा पिनकोड सांगा. तिकडून मिळणारं उत्तर दुकानदाराच्या शब्दापेक्षा खरं.

मॉडेलही कामाप्रमाणे घ्यावं. जुकीच्या डीडीएल-८७०० मागे 'एच' असेल तर ते जाड कापडासाठी. त्याचे मोठे दाते तलम रेशमाला ओरखडे पाडू शकतात.

दुकानात आपलं कापड आणि दोरा घेऊन जा. अस्तरासह रेशमाचे दोन थर शिवून दोन्ही बाजू पाहा. खालचा दोरा वर ठिपक्यासारखा दिसला तर वरचा ताण जास्त आहे, वरचा खाली दिसला तर कमी. तो तिथेच जुळवून घेता येतो. ताण सैल करूनही शिलाईवर चुण्या पडत असतील तर दाते किंवा फूट त्या कापडाला योग्य नाहीत. मग शिवणीच्या जाड सांध्यावरून मशीन न्या. तिथे टाका सुटला तर आधी सुई बदलून पाहा. नवी, योग्य नंबरची सुई लावूनही टाका सुटत असेल तर हूक आणि सुईची वेळ जुळलेली नाही. ती जुळणी दुकानातच करून घ्या, शक्य असेल तर त्याच मेकॅनिककडून जो पुढे तुमच्याकडे येणार आहे. त्याचा हात तिथेच पाहायला मिळतो.

फक्त ब्लाउजच शिवायचे असतील तर मी मोटर लावलेल्या काळ्या मशीननं सुरुवात करीन. गणवेशाची किंवा परकरांची कायमची ऑर्डर मिळाली की सर्वोची जुकी घ्यावी, आणि काळं मशीन विकू नये. बोर्ड यायला चार दिवस लागले तर हळदीच्या आदल्या दिवशीचे ब्लाउज त्यावरच पुरे होतील.