जाहिरातीचा रुपया एकटा जात नाही

सोलापुरी चादरी इंटरनेटवरून विकणाऱ्या एका छोट्या व्यावसायिकाचा हिशेब मांडून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, जीएसटीही बाजूला ठेवला आहे; पण पैशाची चाल खरी आहे. दोन चादरींचा संच १,२०० रुपयांना विकला जातो. मागवाल्याकडून तो ५०० रुपयांना पडतो. इन्स्टाग्रामवर रोज २,५०० रुपयांची जाहिरात चालते आणि त्यातून रोज १० ऑर्डरी येतात, सगळ्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’. त्यातले चारात एक गिऱ्हाईक पार्सल दारातूनच परत पाठवते.

जाहिरातीच्या पडद्यावर दिसते : २,५०० खर्च, १२,००० विक्री. ऑर्डर नोंदली की तिथे विक्री झाली. प्रत्यक्षात १० पैकी साडेसातच पार्सलांचे पैसे येणार, म्हणजे ९,०००. तेही आज नाहीत. पार्सल पोहोचायला पाचेक दिवस, मग कुरियर कंपनी गोळा केलेली रोकड आठवड्याभराने, ठरलेल्या वारीच खात्यात भरते. धरून चालू पंधरा दिवस. जाहिरातीचे पैसे मात्र त्याच दिवशी कापले जातात.

तरीही हा धंदा नफ्याचा आहे. रोज जाहिरात २,५००, कुरियर जाऊन-येऊन १,१००, पॅकिंग २०० आणि विकल्या गेलेल्या मालाच्या भरपाईला ३,७५० असे ७,५५० जातात, ९,००० येतात. रोज १,४५० उरतात.

दसऱ्याच्या सुमारास मागणी वाढलेली पाहून तो जाहिरात दुप्पट करतो. ऑर्डरीही दुप्पट होतात असे मानू. बहुधा तेवढ्या होत नाहीत. वाढलेल्या १० ऑर्डरींसाठी रोज जाहिरात २,५००, कुरियरचे आगाऊ भाडे ९००, पॅकिंग २०० आणि माल ५,००० लागतो. मालाचे पूर्ण ५,००० एवढ्यासाठी, की नाकारलेली पार्सले परत येऊन पुन्हा विक्रीला लागायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर प्रत्येक ऑर्डरीला नवा संच हवा. असे रोज ८,६०० जादा बाहेर पडतात आणि त्या ऑर्डरींचा पहिला पैसा सोळाव्या दिवशी येतो. पंधरा दिवसांत १,२९,००० गेले. जुन्या विक्रीतून याच काळात उरलेले २१,७५० वजा केले तरी एक लाखाहून मोठा खड्डा पडतो, आणि तोही विक्री उत्तम चाललेली असताना. अनेक जण इथे जाहिरातीला दोष देतात. मला तो चुकीचा वाटतो, कारण जाहिरातीने आपले काम केलेले असते.

जाहिरातीच्या प्रत्येक रुपयामागे इथे जवळजवळ अडीच रुपये माल, कुरियर आणि पॅकिंगसाठी जातात. म्हणून जाहिरात किती वाढवायची हे नफ्याच्या टक्क्यावर ठरवू नये. भाडे, पगार आणि मागवाल्याचा पुढचा हप्ता बाजूला काढून हातात ६०,००० मोकळे असतील, तर त्यात पंधरा दिवसांचे २१,७५० मिळवा. आलेल्या रकमेला १५ दिवसांनी आणि ३.४४ ने भागा. उत्तर रोज सुमारे १,५८० रुपये येते. दुप्पट करण्याची इच्छा असली तरी झेपणारी वाढ एवढीच.

यासाठी वही साधी हवी : पुढचे दहा-बारा आठवडे, आणि प्रत्येक रक्कम ती ज्या आठवड्यात खात्यातून जाईल किंवा येईल त्या रकान्यात. ऑर्डरीची तारीख तिथे नको. मागवाला निम्मे पैसे आगाऊ घेऊन वीस दिवसांनी माल देत असेल, तर दिवाळीच्या मालाचे पैसे दिवाळीच्या जाहिरातीआधीच त्या वहीत दिसतात.

खड्डा लहान करण्याचा उत्तम उपाय म्हणजे आधी पैसे भरणाऱ्याला ५० रुपयांची सूट. ते पैसे दोन-तीन दिवसांत खात्यात येतात आणि अशी पार्सले फार कमी परत येतात. मागवाल्याला उशिरा पैसे देण्याचा मार्ग मर्यादित आहे. तो सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६च्या कायद्यानुसार लेखी करार असूनही ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. जाहिरात क्रेडिट कार्डावर टाकली तर महिनाभराची सवड मिळते, पण देय तारीख वहीत लिहिलेली हवी.

सर्वांत फसवा काळ दिवाळीनंतरचा. तो जाहिरात आणि खरेदी थांबवतो, पण मागच्या पंधरवड्याची रोकड रोज १८,००० येतच राहते. खात्यातली शिल्लक वर्षभरात नव्हती इतकी फुगते, आणि त्याच दिवसांत ऑर्डरींचा रकाना रिकामा असतो. ते पैसे पुढच्या मालाचे आहेत. त्यातून गाडीचा हप्ता सुरू केला, तर थंडीतल्या मागणीला चादरी विकत घ्यायला पैसे उरत नाहीत.