रात्रीत बॅटरी कोण पितं?

रात्री व्यवस्थित लावलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात, बोनेटखालून टक-टक असा आवाज येतो आणि काम संपतं. जंपर लावून गाडी सुरू केली की दिवसभर तक्रार नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे नवी बॅटरी. ती टाकली की दहा-पंधरा दिवस बरे जातात आणि मग नवीही उतरते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की बॅटरी स्वतःच उतरते की गाडी तिला उतरवते? हे कळायला फक्त एक रात्र लागते. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीची मायनसची वायर काढून ठेवायची आणि सकाळी व्होल्टेज मोजायचं. १२.५ किंवा १२.६ दिसलं आणि वायर लावल्यावर गाडीही झटकन सुरू झाली, तर बॅटरीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. वायर सुटी असूनही ती १२ च्या आसपास आली असेल, तर मात्र दोष तिचाच. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले की चार्जिंगही होतंय, हे तिथल्या तिथे कळतं.

आता गाडी बॅटरी पिते असं ठरलं, तर किती पिते? बंद गाडीलाही थोडी वीज लागतेच. घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, अलार्म आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची स्मृती मिळून बहुतेक गाड्यांत २० ते ५० मिलिअँपिअर घेतात. एवढ्याने बॅटरी उतरायला कित्येक आठवडे जावे लागतात. डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तरी तो ०.४ अँपिअरच घेतो, म्हणजे रात्रभरात पाचेक अँपिअर-अवर. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-अवरच्या धडधाकट बॅटरीला हे सहज सोसतं. एका रात्रीत गाडी अडली, तर गळती मोठी आहे किंवा बॅटरी आधीच अर्धीमुर्धी भरलेली आहे. बहुधा दोन्ही असतं.

एका घरगुती हॅचबॅकची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. बॅटरी दोन वर्षांची, रोजचा प्रवास शहरातल्या शहरात. आदल्या वर्षी डिकीत अँप्लिफायर आणि बास बसवून घेतला होता. इलेक्ट्रिशियनने मायनसला मीटर जोडून एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. स्टिरिओचा फ्यूज निघाला आणि आकडा ०.८ अँपिअरवरून थेट ०.०३ वर आला. चोर सापडला! मालकाने नवा स्टिरिओ घेतला. गाडी पुन्हा सकाळी बंद.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने मोजायची पद्धतच बदलली. नुसता मीटर जोडला की आकडा मिळतो, पण तो खरा असेलच असं नाही. मायनसची वायर सोडली आणि पुन्हा लावली की गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात आणि काही काळ कित्येक अँपिअर खेचतात. त्याने वायर सुटी करण्याआधीच एका जाड वायरीचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं गाडीच्या वायरीच्या क्लॅम्पला चिमट्याने लावलं. मग क्लॅम्प ढिला करून बाजूला घेतला. प्रवाह क्षणभरही तुटला नाही. बोनेट आणि दार उघडं ठेवून त्यांची लॅच स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद केली, म्हणजे गाडीला सगळं लागलेलंच वाटतं. (नंतर दार लावण्याआधी ती लॅच मोकळी करायला विसरू नये, नाहीतर लॅचच मोडते.) किल्ली खिशात घालून तो लांब गेला, कारण चावी न लावता उघडणाऱ्या गाड्या जवळच्या चावीनेही जाग्या राहतात.

अर्ध्या-पाऊण तासाने त्याने मीटरची वायर १० अँपिअरच्या भोकात घातली, मीटर त्या जाड वायरीच्या बरोबरीने जोडला आणि मगच जाड वायर काढली. आकडा ०.८ वरच स्थिर. मिलिअँपिअरच्या भोकातून हे मोजलं असतं तर मीटरचा फ्यूज तिथेच उडाला असता. मीटर असा जोडलेला असताना किल्ली तर अजिबात फिरवायची नाही. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो.

यानंतर त्याने एकही फ्यूज काढला नाही. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. दुसरा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची दोन टोकं त्या ठिपक्यांवर टेकवायची. फ्यूजमधून प्रवाह वाहत असेल, तर त्याच्या दोन बाजूंत अगदी किंचित व्होल्टेज पडतं. वाहत नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला, तर साधारण ०.१३ अँपिअर वाहतोय असं समजावं. यात कशालाही धक्का लागत नाही, झोपलेलं झोपलेलंच राहतं.

स्टिरिओच्या फ्यूजवर आकडा जेमतेम ०.१ मिलिव्होल्ट होता, म्हणजे स्टिरिओ जवळपास काहीच घेत नव्हता. डॅशबोर्डखालच्या डब्यातले बाकीचे फ्यूजही थंड. मग ०.८ अँपिअर जातो कुठून? बॅटरीच्या प्लसपासून एक जाड लाल वायर थेट डिकीकडे गेली होती आणि तिच्या ३० अँपिअरच्या सुट्या फ्यूजवर दीड मिलिव्होल्ट दिसत होते. अँप्लिफायर रात्रभर जागा होता. हात लावल्यावर कोमटही लागत होता.

मग पहिल्या वेळी स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर गळती का थांबली? अँप्लिफायर चालू-बंद करण्यासाठी स्टिरिओकडून एक निळी वायर येते. स्टिरिओ चालू झाला की तिच्यात १२ व्होल्ट येतात आणि अँप्लिफायर उठतो. बसवणाऱ्याने ही वायर निळीला न जोडता, स्टिरिओच्या मागच्या कायम चालू असलेल्या पिवळ्या वायरीला जोडली होती. त्यामुळे अँप्लिफायरला चोवीस तास ‘ऊठ’ हाच निरोप मिळत होता. फ्यूज काढला की निरोप थांबायचा आणि अँप्लिफायर झोपायचा. खाणारा एक आणि त्याला उठवणारा दुसरा होता. फ्यूज काढून पाहणाऱ्याला उठवणारा सापडला आणि त्याने त्यालाच खाणारा ठरवलं.

रात्री ९ ते सकाळी ८ म्हणजे ११ तास. ०.८ ने गुणले की सुमारे ९ अँपिअर-अवर होतात. जुन्या बॅटरीत शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे वीसेक अँपिअर-अवरच उरले असतील, तर सकाळी गाडी अडणारच. नव्या बॅटरीत साठा जास्त, म्हणून ती काही दिवस तगायची. दुरुस्ती म्हणजे पिवळीवरचा जोड काढून निळीला लावणं. त्यानंतर मीटरवर ०.०३ अँपिअर आले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. आल्टरनेटरच्या आतला डायोड गळत असेल, तर त्याची जाड वायर डॅशबोर्डखालच्या डब्यातून जातच नाही. सकाळी थंड इंजिनावर आल्टरनेटर कोमट लागला, तर संशय तिथे घ्यावा. आणि कधीतरीच जागं राहणारं युनिट एका मोजणीत सापडत नाही. तिथे मीटर रात्रभर जोडून ठेवावा लागतो.

तेव्हा कुणी नवी बॅटरी, स्टिरिओ किंवा आल्टरनेटर घ्यायला सांगितलं, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा: गाडी झोपल्यावर मीटरवर किती अँपिअर दिसले, आणि कोणत्या वायरीतून?