‘छान झालंय’ या शब्दांत दडलेलं

प्रिय मित्रा,

वाईच्या घाटाच्या चित्राचा फोटो तुला पाठवला आणि दहा मिनिटांत तुझं उत्तर आलं : ‘मस्त! पाणी तर अगदी खरं वाटतंय.’ घरच्या मंडळींनीही ‘अप्रतिम’, ‘सुंदर’, ‘फ्रेम करून लाव’ असं कळवलं. हौसेनं चित्रं काढणाऱ्या माणसाला या शब्दांची गरज असते. नोकरी सांभाळून, रविवारच्या सकाळी ईझलपुढे उभं राहायला ते बळ देतात. पण मी ते सगळे निरोप पुन्हा एकदा वाचून काढले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती तुला सविस्तर सांगतो.

बहुतेकांनी पाण्याचं कौतुक केलं होतं. काहींनी पायऱ्यांचं केलं. देवळाबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. आणि मी चित्र काढायला घेतलं होतं ते देवळासाठीच! रास्त्यांनी 18व्या शतकात बांधलेलं ते ढोल्या गणपतीचं देऊळ, पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली त्याची मागची भिंत, सकाळच्या उन्हात उजळलेलं शिखर. कौतुक ढोबळ असलं तरी लोक कशाचं नाव घेतात आणि कशाचं घेत नाहीत, यातून त्यांची नजर चित्रात कुठे थांबली ते कळतं. ‘छान’ या शब्दातून मला मिळालेली सर्वांत उपयोगी माहिती हीच.

मग कारण शोधायला बसलो. फोनमधल्या फोटोचे सगळे रंग काढून टाकले, म्हणजे एडिटमध्ये जाऊन सॅच्युरेशन अगदी किमान पातळीवर आणलं. राखाडी झालेल्या चित्रात उत्तर समोर होतं. आम्ही चित्रकार याला टोन म्हणतो. रंग कोणताही असो, तो किती उजळ किंवा किती गडद आहे, ते म्हणजे टोन. शिखर फिकट पिवळं आणि आकाश फिकट निळं, त्यामुळे रंगांत ती दोन्ही वेगळी दिसत होती. पण दोघांचा टोन जवळजवळ सारखा होता. रंग जाताच शिखर आकाशात विरून गेलं. उलट खाली, ओल्या काळ्या पायऱ्यांना लागून पाण्यावरची पांढरी चमक होती. चित्रातलं सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद तिथे एकमेकांना भिडलं होतं. माणसाची नजर अशा जागी आधी जाते. तू पाणी पाहिलंस, कारण चित्रानं तुला तिकडेच नेलं.

हे तपासायला फोनच हवा असं नाही. चित्रापासून आठ-दहा फूट मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहिलं की बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे ठोकळेच उरतात. लिओनार्दोनं चित्रकारांना आपलं चित्र आरशात पाहायला सांगितलं आहे. आरशात चित्र उलटं होतं, सवयीची नजर मोडते आणि आपलंच काम परक्याचं वाटायला लागतं.

अशा वेळी पहिला मोह होतो तो देवळात अधिक नक्षी भरण्याचा. त्यानं फारसं काही साधत नाही. तपशील जवळ आलेल्या माणसाला थांबवून ठेवतो. दुरून त्याला बोलावून आणायचं काम टोनमधला फरक करतो. शिखर गडद करणंही शक्य नव्हतं, कारण मग सकाळचं ऊनच गेलं असतं. म्हणून शिखरामागचं आकाश खाली उतरवलं. टिटॅनियम व्हाइटमध्ये अल्ट्रामरीन आणि किंचित बर्न्ट सिएना मिसळून दबलेला करडा निळा तयार केला, तो शिखराच्या कडेलगत लावला आणि वर जाताना पुसट करत नेला. पाण्यावरच्या चमकेत थोडा करडा रंग घातला आणि तिच्या कडा कोरड्या ब्रशनं मऊ केल्या. एकच ठिपका पूर्ण पांढरा ठेवला. तू ज्याचं कौतुक केलंस ते पाणी मी घालवलेलं नाही, फक्त त्याला दुसरा क्रमांक दिला आहे.

फोटोबद्दलही सांगायला हवं, कारण तू चित्र नाही, फोटो पाहिलास. 18 बाय 24 इंचांचा कॅनव्हास तुझ्या तळहाताएवढा झाला होता. त्या आकारात रचना आणि टोन नीट कळतात. ब्रशचे फटकारे, रंगाची जाडी मात्र कळत नाही. शिवाय ऑइल रंगात एक अडचण असते. अंबरसारखे रंग वाळताना त्यांच्यातलं तेल खालच्या थरात शोषलं जातं आणि तेवढा भाग निस्तेज, भुरकट दिसतो. माझ्या पायऱ्यांचा सावलीतला कोपरा तसाच झाला होता. थर पूर्ण वाळल्यावर तिथे जवसाचं तेल अगदी थोडं चोळून लगेच कापडानं पुसून घेतलं की रंगाची खोली परत येते. तेल जास्त राहिलं तर मात्र पुढे पिवळं पडतं. नवा फोटो मी बाहेर सावलीत, फ्लॅश न वापरता, फोन कॅनव्हासला समांतर धरून काढला आहे. खोलीतल्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत चमकेचे पट्टे येतात आणि पाहणाऱ्याला ते चित्रातलेच वाटतात.

प्लिनीनं ग्रीक चित्रकार अपेलीसची एक गोष्ट नोंदवली आहे. अपेलीस आपली चित्रं येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे मांडायचा आणि मागे लपून त्यांचं बोलणं ऐकायचा. एका चांभारानं चपलेला एक फासा कमी असल्याचं सांगितलं, तेव्हा अपेलीसनं ते दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी तोच चांभार पायाच्या चुका काढू लागला, तेव्हा अपेलीसनं त्याला ‘चपलेपुरतंच बोल’ असं सुनावलं. ही गोष्ट सहसा दुसऱ्या दिवसासाठी सांगितली जाते. मला पहिला दिवस मोलाचा वाटतो. ज्याला जे ठाऊक आहे, त्याबद्दल त्यानं नेमकं सांगितलं आणि एवढ्या मोठ्या चित्रकारानं ते ऐकलं.

तू याच घाटावर पोहायला शिकलास. कृष्णेचं पाणी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ‘कसं वाटलं?’ असं मी विचारलं होतं, आणि त्या प्रश्नाला ‘मस्त’ हेच उत्तर येणार. ज्याला चित्र दाखवायचं त्याला नेमकं विचारणं हे चित्रकाराचं काम आहे. म्हणून आता दुसरा फोटो पाठवतो आहे. तो पाच सेकंद बघ, फोन उलटा ठेव आणि आधी काय आठवलं ते कळव. मग पुन्हा नीट पाहून सांग : हिवाळ्यातल्या सकाळी पाणी या पायरीपर्यंत असतं का? ओल्या दगडाचा काळा रंग पाण्याच्या किती वरपर्यंत चढतो? मी तिथे दुपारीच गेलो आहे, सकाळ मनानं रंगवली आहे.

ऑइल रंग आतपर्यंत वाळायला वेळ लागतो, त्यामुळे व्हार्निश सहा महिने तरी लावणार नाही. तोवर चित्रात बदल सहज करता येतो. जे सांगायचं असेल ते त्याच्या आत सांग, आणि जमलं तर एखाद्या सकाळी घरी येऊन कॅनव्हास उजेडात प्रत्यक्ष बघ.

तुझा मित्र