हजेरीपटाचा आलेख : नाव गाळले, तरी मूल ओळखू येते

नववीच्या विद्यार्थ्यांनी या सत्रात संगणकाच्या तासाला हजेरीपटावरून आलेख काढले. सूचनाफलकावर लावण्यापूर्वी त्यात काय पाहावे लागते, ते पालकांनाही कळावे म्हणून हा लेख. येथील आकडे सरावासाठी आम्हीच बनवलेले आहेत. आपल्या मुलांचा खरा हजेरीपट येथे छापणे आम्हांला योग्य वाटले नाही.

समजा, वर्गात ४० मुले आहेत आणि आपल्याकडे ८ आठवड्यांची हजेरी आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून मधल्या सुट्ट्या धरलेल्या नाहीत. रोज सरासरी ४ मुले गैरहजर, म्हणजे हजेरी ९० टक्के. एवढ्यावर समाधान मानले, तर पुढे काहीच कळत नाही. म्हणून वारांप्रमाणे सरासरी काढली. सोमवारी ७ गैरहजर, मंगळवार ते गुरुवार रोज २, शुक्रवारी ३ आणि शनिवारी ८. एक्सेलमध्ये वार B स्तंभात व गैरहजरांची संख्या C स्तंभात असेल, तर सूत्र असे :

```
=AVERAGEIF(B:B,"सोमवार",C:C)
```

स्तंभालेख काढला की सोमवार आणि शनिवारचे खांब उंच दिसतात. कोणीही म्हणेल, रविवारला जोडून सुट्टी घेतात! पण सरासरीच्या एका खांबात आठ वेगवेगळे दिवस दडलेले असतात. ते सुटे करून प्रत्येक दिवसाचा एक ठिपका काढला, तेव्हा सोमवारचे ठिपके असे आले : ४, ४, ३, ५, ४, २८, ४, ४. शनिवारचे : ८, ७, ९, ८, ८, ७, ९, ८.

सहाव्या आठवड्यातला २८ चा सोमवार अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा. विसर्जनाहून रात्री उशिरा परतलेल्या बडोद्यातल्या मराठी घरांत त्या सकाळी काय होते, ते आम्ही सांगायला नको. तो एक दिवस वगळला, तर सोमवारची सरासरी ४ वर येते, म्हणजे वर्गाच्या एकूण सरासरीएवढीच. शनिवार मात्र आठही आठवडे तसाच आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. गावाहून येणाऱ्यांना तेवढ्या लवकर बस मिळत नाही की आणखी काही कारण आहे, हे आलेख सांगत नाही. ते वर्गशिक्षकांनी मुलांनाच विचारायचे.

आता नावांविषयी. मुलांनी नावांचा स्तंभ पुसला आणि हजेरी क्रमांक ठेवला. पण १७ नंबर कोणाचा, हे वर्गात सगळ्यांना पाठ असते. क्रमांकही पुसला, तरी ओळींचा क्रम आडनावांप्रमाणेच राहतो, आणि वरून सतरावी ओळ मोजणे अवघड नाही. म्हणून नवीन स्तंभात `=RAND()` भरून त्यावर ओळी लावाव्यात, म्हणजे क्रम विस्कटतो. नंतर नाव, क्रमांक आणि जन्मतारीख असे सगळे स्तंभ काढून टाकावेत. मूळ हजेरीपट वर्गशिक्षकांकडेच राहावा.

याहून अवघड प्रश्न लहान गटांचा आहे. शनिवारचे कारण शोधताना कोणी गावाहून बसने येणाऱ्यांचा गट पाडला. त्यात १४ मुले. पुढे मुलगे व मुली वेगळे केले, तर ११ मुली आणि ३ मुलगे. ‘बसने येणारे मुलगे, सर्व शनिवार गैरहजर’ असा खांब फलकावर लागला, की ते तिघे कोण हे वर्गाला लगेच समजते. नाव लिहिल्यासारखेच झाले. त्यांतल्या एखाद्याच्या घरी आजारपण असेल, कोणी शनिवारी दुकानावर बसत असेल. ती गोष्ट चव्हाट्यावर यायचे कारण नाही.

म्हणून पाचपेक्षा कमी मुलांचा गट दाखवायचा नाही, असा नियम आम्ही धरला आहे. नुसता तो खांब झाकूनही भागत नाही. एकूण १४ मुलांची गैरहजेरी आणि ११ मुलींची गैरहजेरी शेजारी छापली, तर वजाबाकीने उरलेल्या तिघांचा आकडा बाहेर येतो. अशा वेळी मुलगे-मुली हा भेदच काढून १४ चा एकच खांब ठेवावा. पाचचा आकडाही सर्व ठिकाणी पुरेल असे नाही. गटातली सगळीच मुले गैरहजर किंवा सगळीच नापास असतील, तर गट दहाचा असला तरी प्रत्येकाची गोष्ट उघड होते.

शेवटी एक बारकी बाब, कारण ती सहसा कोणी पाहत नाही. एक्सेलमधला आलेख वर्डमध्ये चिकटवताना कधी कधी त्याच्यामागे संपूर्ण वहीच जाते. ती फाईल पाठवली, तर आलेखावर क्लिक करून नावांचे मूळ पानही उघडता येते. त्यामुळे फलकासाठी किंवा विश्वस्तांच्या बैठकीसाठी देताना आलेख चित्र म्हणूनच चिकटवावा, आणि त्यावर क्लिक करून आकड्यांचा तक्ता उघडत नाही ना, हे पाहूनच फाईल पाठवावी.