‘५२५ पट’ दाखवणारा खोका आणि टेनिसचा चेंडू

सात वर्षांचं अवकाशवेडं मूल घरात असलं की वाढदिवसाला एक खोका हमखास येतो. त्यावर शनीचं झगझगीत चित्र असतं आणि ठळक अक्षरांत छापलेलं ‘५२५ पट मोठं’. मुलाला ग्रहांची नावं क्रमाने तोंडपाठ असतात, त्यामुळे मामा-मावशीला हीच भेट सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

हा आकडा येतो कुठून? अशा दुर्बिणीचं नाभीय अंतर बहुधा ७०० मिलिमीटर असतं. डोळा लावायची सगळ्यांत लहान नेत्रिका ४ मिलिमीटरची. भागाकार केला की १७५ पट, त्यावर तिप्पट करणारं एक जादा भिंग लावलं की ५२५. हिशेब बरोबर आहे, पण उपयोगाचा नाही. दुर्बीण किती वर्धन पेलेल हे तिच्या तोंडाच्या व्यासावर ठरतं. ढोबळ नियम असा, की दर मिलिमीटरला दोन पट. म्हणजे ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीला फार तर दीडशे पट. त्यापुढे चित्र मोठं होतं तसं ते धुरकटत जातं. शिवाय पृथ्वी फिरत असल्याने ५२५ पटीला ग्रह वीसेक सेकंदांत नजरेबाहेर निसटतो आणि त्याला पुन्हा पकडायला जावं तर तकलादू तिपाई थरथरते. तिसऱ्या रात्रीनंतर खोका माळ्यावर जातो. दोष मुलाच्या चिकाटीचा नसतो.

त्यापेक्षा पहिली भेट म्हणून बायनॉक्युलर कितीतरी बरं. ते उलटं दाखवत नाही, जुळवाजुळव लागत नाही आणि दिवसा पक्षीही दिसतात. त्यावर ८×३० असं लिहिलेलं असतं : आठ पट वर्धन, पुढच्या भिंगाचा व्यास ३० मिलिमीटर. लहान हातांना हे पुरतं. दहा पटीचं घेतलं तर हाताचा कंपही दहा पट दिसतो, आणि खगोलप्रेमींचं लाडकं ७×५० मुलाच्या मानाने जड पडतं.

दुकानात एक गोष्ट मुलाकडूनच तपासून घ्यावी. बायनॉक्युलर मधल्या बिजागरीवर पूर्ण मिटवून त्याच्या डोळ्यांना लावावं आणि किती गोल दिसतात ते विचारावं. ‘दोन’ असं उत्तर आलं तर ते सोडून द्यावं. मोठ्यांसाठीच्या अनेक बायनॉक्युलरांच्या नळ्या लहान मुलाच्या डोळ्यांइतक्या जवळ येतच नाहीत. (त्यामुळे भेट गुपित राहत नाही, हे खरं.)

गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकवून पाहिलं तर चंद्रावरची मोठी विवरं दिसतात, आणि तीही पौर्णिमेपेक्षा सप्तमी-अष्टमीच्या आसपास जास्त उठावदार, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात. हिवाळ्यात कृत्तिकेचा पुंजका शहरातूनही उलगडतो. शनीची कडी मात्र आठ पटीत दिसणार नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, म्हणून बायनॉक्युलर सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं.

प्रतिकृतींचं काय? छताला टांगायची प्लॅस्टिकची सूर्यमाला दिसायला छान, पण तिच्यात गुरू आणि पृथ्वी जवळजवळ भावंडं वाटतात आणि अंतरं तर पार खोटी. खरी प्रतिकृती घरच्या घरी होते. टेनिसचा चेंडू म्हणजे पृथ्वी. चंद्र म्हणून साधारण १८ मिलिमीटरची गोटी घ्यायची. आता दोघांत किती अंतर ठेवायचं, ते मुलालाच ठरवू द्यावं. बहुतेक जण हातभर अंतरावर थांबतात. प्रत्यक्षात दोरी दोन मीटर लागते, कारण पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट दूर चंद्र आहे. आणि अंतराळवीर राहतात ते आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक? ते चेंडूपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर, म्हणजे जवळपास चेंडूच्या लवेतच. याच मापाने सूर्य सात मीटरहून मोठा आणि पाऊण किलोमीटरहून दूर. सुट्टीच्या दिवशी तेवढं चालून जाता येतं.

चेंडू, गोटी, दोरी एका पेटीत घालून सोबत बायनॉक्युलर दिलं, तर पेटी वर्षभर उघडी राहील.

दुर्बीण घरात आधीच आली असेल तर जादा भिंग आणि ४ मिलिमीटरची नेत्रिका बाजूला ठेवून २० मिलिमीटरची लावावी. ३५ पटीत चंद्र सुरेख दिसतो आणि शनीची कडीही लहानशी का होईना, कळते. खोक्यात नेत्रिकेवर बसवायची काळी ‘सूर्य काच’ निघाली तर ती मात्र त्याच दिवशी कचऱ्यात टाकावी. एकवटलेल्या उन्हाने ती तापून तडकते, आणि तेव्हा मुलाचा डोळा तिच्यामागेच असतो.